हवामान पत्रकाचा फोटो मराठीत कसा उतरवायचा: रंग, झोत, अ‍ॅडव्हायजरी आणि आउटलुक

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर भारतीय हवामान विभागाच्या पत्रकांचे फोटो फिरायला लागतात. कुणी मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लावलेला कागद टिपतो, कुणी टीव्हीवरचा नकाशा, तर कुणी दुसऱ्याच्या मोबाइलच्या पडद्याचाच फोटो काढतो. पत्रक इंग्रजीत असतं, अक्षर बारीक असतं आणि नकाशावर पिवळे-नारिंगी ठिपके असतात. मग खाली कुणीतरी लिहितं, "उद्या वादळ, वारा १२० चा." यातला 'उद्या', यातलं 'वादळ' आणि यातला १२० हा आकडा, तिन्ही चुकीचे असू शकतात. त्या एका ओळीवर होडी वर ओढायची की नाही, आंबा आज उतरवायचा की परवा, हे मात्र ठरून जातं.

"यात काय लिहिलंय ते सांग" असं ज्याला घरात किंवा गटात विचारलं जातं, त्याच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ घेतलं आहे, कारण त्याच्या पत्रकात इथे लागणारे बहुतेक शब्द एकाच वाक्यात सापडतात.

फोटोत काय आलंच पाहिजे

नकाशाचा मधला रंगीत भाग तेवढा टिपायचा मोह होतो, पण पत्रकाचा जीव त्याच्या कडांना असतो. वरच्या बाजूला पत्रक कुणी काढलं, किती तारखेला आणि किती वाजता, हे असतं. खाली किंवा बाजूला रंगसूची असते आणि तळाशी बारीक अक्षरातल्या टिपा असतात. या तिन्ही गोष्टी नसतील तर फोटोचं भाषांतर करू नका, आधी पूर्ण पान मागवा. पान मोठं असेल तर एका फोटोत सगळं कोंबण्यापेक्षा वरचा, मधला आणि खालचा भाग असे तीन सरळ फोटो काढा. तक्त्याच्या ओळी तिरक्या आल्या तर रायगडच्या पुढचा इशारा रत्नागिरीच्या नावावर वाचला जाण्याचा धोका खरा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की तो आवळला जातो आणि बारीक आकडे फुटतात. ३ चा ८ होतो. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मोबाइलला रात्रीसाठी पिवळसर पडदा लावला असेल तर पिवळा आणि नारिंगी रंग एकमेकांत मिसळतात. अशा वेळी रंगावर न जाता तक्त्यातले शब्द वाचा. विभागाच्या पत्रकात रंगाबरोबर इशारा शब्दांतही दिलेला असतो.

सगळ्यात आधी वेळ

अर्थाकडे वळण्यापूर्वी एकच गोष्ट तपासायची: हे पत्रक अजून चालू आहे का? तीन तासांपुरता दिला जाणारा तात्काळ इशारा, ज्याला विभाग 'नाउकास्ट' म्हणतो, तो सकाळी निघतो आणि गटांवर संध्याकाळपर्यंत फिरत राहतो. त्यातल्या विजा दुपारीच पडून गेलेल्या असतात, आणि संध्याकाळी वाचणारा उगाच घरात बसतो. पुढच्या वेळी तोच माणूस खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो, हे त्याहून वाईट.

चक्रीवादळाच्या पत्रकात वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये असते, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत. तीत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. '०३०० यूटीसी' म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. शेजारी आयएसटी लिहिलं असेल तर ती भारतीय वेळच आहे, काही मिळवायचं नाही.

साडेआठची वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवामान विभागाचा 'दिवस' मध्यरात्री बदलत नाही. एखाद्या दिवसाचा अंदाज आणि इशारा त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत चालतो. पत्रकाच्या तळटिपेत हे लिहिलेलं असतं आणि जवळजवळ कुणीच ते वाचत नाही. याचा परिणाम असा की ३ तारखेच्या चौकटीत नारिंगी रंग असेल, तर ४ तारखेला पहाटे तीन वाजता कोसळणारा पाऊसही त्याच नारिंगीत धरलेला आहे. मराठीत उतरवताना '३ जूनला' असं नुसतं न लिहिता '३ जून सकाळी साडेआठ ते ४ जून सकाळी साडेआठ' असं लिहा. वाक्य लांबतं, पण रात्रीच्या पावसाबद्दल गोंधळ राहत नाही.

भाषांतराचं ॲप कुठे फसतं

मोबाइल कॅमेऱ्यातून मजकूर उचलून मराठीत देणारी ॲप्स सरळ वाक्यांना बरी चालतात. हवामानाच्या परिभाषेत ती अडखळतात, कारण यातले बरेच शब्द रोजच्या इंग्रजीतलेच आहेत आणि त्यांचा अर्थ इथे वेगळा आहे. डिप्रेशनचं 'नैराश्य', हेवी रेनचा 'जड पाऊस', वॉचचं 'घड्याळ' किंवा 'पहा', अ‍ॅडव्हायजरीचा 'सल्लागार', आउटलुकचा 'दृष्टिकोन', असं काहीही येऊ शकतं. असा विचित्र शब्द दिसला की हसून पुढे जाऊ नका. त्या ठिकाणी नेमकी परिभाषा होती, ही त्याची खूण आहे. मूळ फोटोत तोच शब्द शोधा.

याहून मोठी अडचण तक्त्याची असते. ॲप मजकूर डावीकडून उजवीकडे सलग वाचतं, त्यामुळे जिल्हा, दिवस आणि इशारा यांची जोडी तुटू शकते. रंगाचं भाषांतर तर ते करतच नाही. म्हणून ॲपवर वाक्यांचं काम सोपवा आणि तक्ता स्वतः, बोट ठेवून, एकेक ओळ वाचा. आपल्या जिल्ह्याची ओळ वाचताना हेही बघा की पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्यासाठी घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. 'पुणे नारिंगी' ऐकून बारामतीचा शेतकरी कामं थांबवतो, तेव्हा तो इशारा ताम्हिणी-लोणावळ्याच्या बाजूसाठी असू शकतो.

रंग काय सांगतो

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नवी माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण हा रंग पावसाच्या मिलिमीटरवरून थेट ठरत नाही. घटना किती गंभीर परिणाम करील आणि ती घडण्याची शक्यता किती, या दोन्हींचा मेळ घालून तो ठरतो. त्यामुळे तेवढ्याच पावसाला एका जिल्ह्यात पिवळा आणि दुसऱ्यात नारिंगी मिळू शकतो. आधीच तुडुंब असलेल्या भागात थोडा पाऊसही जास्त नुकसान करतो, हे त्यामागचं कारण.

विभागाच्या पत्रकातच एक टीप असते: लाल रंगाचा इशारा म्हणजे 'रेड अलर्ट' नव्हे, त्याचा अर्थ 'कृती करा' असा आहे. वाहिन्यांवर मात्र 'रेड अलर्ट' हाच शब्द रुळला आहे. मराठीत उतरवताना रंगाचं नाव आणि त्याचा आदेश असं दोन्ही लिहावं: 'लाल इशारा, कृती करा'. ऐकणाऱ्याला रंगापेक्षा क्रियापद जास्त उपयोगी पडतं.

आता मुख्य फसगत. हवामान विभागाचा प्रत्येक रंगीत नकाशा इशाऱ्याचा नसतो. पाऊस किती ठिकाणी पडेल हे दाखवणाऱ्या विभागवार अंदाजाच्या नकाशात हिरव्या आणि निळ्या छटा असतात. तिथला हिरवा 'धोका नाही' असं सांगत नाही. पाऊस तुरळक किंवा काही ठिकाणी पडेल, एवढंच तो सांगतो. हंगामात सरासरीपेक्षा किती कमी-जास्त पाऊस झाला हे दाखवणारा नकाशा तर अगदी उलटा भासतो, कारण त्यात लाल जिल्हे पावसाची तूट असलेले आणि पिवळे जिल्हे मोठी तूट असलेले असतात. असा नकाशा 'उद्या लाल इशारा' म्हणून पुढे ढकलला गेला तर अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून रंग वाचण्याआधी नकाशाचं शीर्षक आणि रंगसूची वाचायची. शीर्षकात इशारा आहे का, अंदाज आहे का, की झालेल्या पावसाचा हिशेब आहे, हे कळल्याशिवाय रंगाला अर्थ नाही.

'तुरळक ठिकाणी अति मुसळधार': पाऊस किती आणि किती जागी

पावसाच्या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगितलेल्या असतात: जोर किती, पसारा किती, आणि शक्यता किती. भाषांतरात बहुतेक वेळा जोर टिकतो आणि उरलेल्या दोन गळतात.

जोराची मोजणी २४ तासांच्या पावसावर आहे. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'हेवी', याला मुसळधार म्हणावं. ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'व्हेरी हेवी', अति मुसळधार. त्याच्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी', म्हणजे अत्यंत मुसळधार. या शेवटच्या पायरीला 'अतिवृष्टी' म्हणण्याची सवय आहे, पण ते टाळलेलं बरं. महाराष्ट्रात पीकनुकसानीच्या पंचनाम्यांत महसूल खातं मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं, म्हणजे जवळपास 'हेवी'च्या पहिल्याच पायरीवर. शेतकऱ्याच्या कानावर 'अतिवृष्टी' शब्द पडला की त्याला पंचनामा आठवतो, २०४ मिलिमीटर आठवत नाहीत. आकडा सोबत लिहिला की प्रश्नच मिटतो.

पसाऱ्याचे चार शब्द आहेत. आयसोलेटेड म्हणजे तुरळक ठिकाणी, त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. स्कॅटर्ड किंवा 'अ फ्यू प्लेसेस' म्हणजे काही ठिकाणी, २६ ते ५० टक्के. फेअरली वाइडस्प्रेड म्हणजे अनेक ठिकाणी, ५१ ते ७५. वाइडस्प्रेड म्हणजे बहुतांश ठिकाणी, ७६ पासून पुढे. आता 'तुरळक ठिकाणी अति मुसळधार' हे वाक्य पाहा. तुमच्या गावी एक थेंबही पडला नाही आणि तीस किलोमीटरवर १५० मिलिमीटर झाला, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. 'हवामान खातं चुकलं' अशी ओरड यातूनच होते.

शक्यतेच्या शब्दांकडे तर कुणी पाहतच नाही. विभागाच्या परिभाषेत 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे त्याहून अधिक. आपण तिन्हींचं भाषांतर 'पडणार' असं करतो. 'शक्यता', 'दाट शक्यता' आणि 'जवळपास नक्की' असे तीन वेगळे शब्द वापरा. पत्रक बदललं की हा शब्दही बदलतो, आणि 'शक्यता'ची 'दाट शक्यता' झाली हीच कधीकधी त्या दिवसाची खरी बातमी असते.

वाऱ्याचे दोन आकडे

'४५ ते ५५ किमी प्रतितास, गस्टिंग टू ६५' असं वाक्य मच्छीमारांच्या जवळजवळ प्रत्येक इशाऱ्यात असतं. पहिले दोन आकडे सतत वाहणाऱ्या वाऱ्याचे आहेत, म्हणजे काही मिनिटांच्या सरासरीचे. चक्रीवादळात भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी धरतो. शेवटचा आकडा झोताचा. झोत म्हणजे काही सेकंदांपुरता येणारा जोराचा लोट. तो येतो, दणका देतो आणि ओसरतो. म्हणून मराठीत 'वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनच ६५ पर्यंतचे झोत' असं लिहावं. '४५ ते ६५' असा एकच पट्टा करणं चूक आहे, आणि 'वारा ६५ चा' हेही चूक.

कुठला आकडा कशासाठी, हे वापरावर ठरतं. समुद्र किती खवळेल हे सतत वाहणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असतं, कारण लाट उभी राहायला वारा बराच वेळ वाहावा लागतो. पत्रा उडेल का, नारळ पडेल का, फलक कोसळेल का, हे मात्र झोत ठरवतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १०० वरून १२० झाला, तर वाढ २० टक्क्यांची वाटते, पण छपरावरचा दाब सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. ४५ च्या वाऱ्यात ६५ चा झोत आला, तर त्या क्षणी दाब दुपटीहून थोडा अधिक होतो. शिवाय तो अचानक येतो, आणि सैल झालेले खिळे त्यातच निसटतात.

'स्क्वॉली वेदर' म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचं हवामान. इथला जोर सेकंदांचा नसतो. वारा एकदम वाढतो आणि निदान एखादा मिनिट, बऱ्याचदा काही मिनिटं, तसाच टिकतो. छोट्या होडीला झोतापेक्षा हा प्रकार जास्त घातक, कारण तेवढ्या वेळात नांगर ओढला जातो. बंदरासाठीच्या पत्रकात 'एलसी-३' दिसलं तर भाषांतराची गरजच नाही. तो आपल्या सगळ्यांना माहीत असलेला तीन नंबरचा बावटा आहे: बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका.

परदेशी संकेतस्थळावरचा नकाशा आला असेल तर आकडे शेजारी ठेवून भांडू नका. अमेरिकी यंत्रणा एका मिनिटाची सरासरी धरतात, त्यामुळे त्याच वादळाचा आकडा तिकडे मोठा दिसतो. वेग नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणा. २५ नॉट म्हणजे साधारण ४६ किलोमीटर.

वॉच, अलर्ट, वॉर्निंग, आउटलुक आणि अ‍ॅडव्हायजरी

किनाऱ्यासाठी चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत येतात. पहिला 'प्री-सायक्लोन वॉच' साधारण ७२ तास आधी येतो. याचा अर्थ 'समुद्रात काहीतरी घडतंय, लक्ष ठेवा' एवढाच. दुसरा 'सायक्लोन अलर्ट', किनाऱ्यावर हवा बिघडायला लागण्याच्या किमान ४८ तास आधी. तिसरा 'सायक्लोन वॉर्निंग', किमान २४ तास आधी. चौथा 'पोस्ट-लँडफॉल आउटलुक', वादळ जमिनीवर येण्याच्या किमान १२ तास आधी. पत्रकाच्या शीर्षकात अलर्टला पिवळा, वॉर्निंगला नारिंगी आणि शेवटच्या टप्प्याला लाल संदेश म्हणतात.

या चौथ्या टप्प्याचं नाव सर्वांत सौम्य आहे आणि टप्पा सर्वांत गंभीर. ॲपने 'जमिनीवर आल्यानंतरचा दृष्टिकोन' असं दिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की वादळ येऊन गेलं आणि आता मागचा आढावा चालू आहे. प्रत्यक्षात वादळ अजून समुद्रातच असतं. जमिनीवर चढल्यावर ते कुठे जाईल, आतल्या जिल्ह्यांत काय करील, ते यात आधीच सांगितलेलं असतं. म्हणून 'किनारा ओलांडल्यानंतर पुढे काय होईल याचा अंदाज' असं पूर्ण लिहावं. हा भाग घाटावरच्या लोकांसाठी असतो, आणि नेमका तोच किनाऱ्यावरच्या गटांत अडकून पडतो.

आउटलुक शब्द दुसऱ्या ठिकाणीही येतो. नवी दिल्लीतलं विशेष प्रादेशिक केंद्र रोज 'ट्रॉपिकल वेदर आउटलुक' काढतं. त्यात बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात पुढच्या दिवसांत डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, तयार होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त, एवढंच असतं. हा 'पुढील चित्राचा अंदाज' आहे, इशारा नाही. समुद्रात खरोखर चक्रीवादळ तयार झालं की तेच केंद्र 'ट्रॉपिकल सायक्लोन अ‍ॅडव्हायजरी' काढायला लागतं. तिथे अ‍ॅडव्हायजरी म्हणजे वादळाविषयीचं सूचनापत्र, आणि ते आलं म्हणजे वादळ अस्तित्वात आहे.

अमेरिकेत असलेल्या मुलीने तिकडच्या इशाऱ्याचा फोटो पाठवला तर मात्र हा क्रम विसरायचा. तिथे अ‍ॅडव्हायजरी ही खालची पायरी आहे: गैरसोय होईल, जपून राहा. वॉच म्हणजे मोठा धोका संभवतो, तयारी करा. वॉर्निंग म्हणजे धोका आला किंवा येऊन ठेपला, आत्ता हालचाल करा. 'विंड अ‍ॅडव्हायजरी' आणि 'हाय विंड वॉर्निंग' या दोन्हींचं 'वाऱ्याचा इशारा' असं एकच भाषांतर केलंत, तर सांगलीतली आजी दोन्हींना सारखीच घाबरेल. पहिल्याला 'जोरदार वाऱ्याची सूचना' आणि दुसऱ्याला 'अति वेगवान वाऱ्याचा इशारा' म्हणता येईल. तिकडचे आकडे मैलांत असतात, १.६ ने गुणायचे.

निसर्गचं वाक्य, तुकडे करून

२ जून २०२० रोजी निघालेल्या पत्रकांतलं मुख्य वाक्य मराठीत पूर्ण उतरवलं तर असं होतं: हे वादळ उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या दक्षिण गुजरातचा किनारा हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ, ३ जूनच्या दुपारी तीव्र चक्रीवादळाच्या रूपात ओलांडण्याची दाट शक्यता आहे, त्या वेळी कमाल सतत वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत.

आधी जागा. हरिहरेश्वर ते दमण हा पट्टा अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. वादळाचं केंद्र यात कुठेही किनाऱ्याला लागू शकतं, आणि त्यातही अलिबागचा परिसर अधिक संभवतो, असं वाक्य म्हणतं. फोटोतल्या नकाशावर एक रेषा आणि तिच्या भोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू असतो. शंकू केंद्राच्या संभाव्य जागा दाखवतो, वाऱ्याचा पसारा दाखवत नाही. शंकूबाहेरच्या गावातही झाडं पडतात. 'आपण रेषेवर नाही' हा दिलासा म्हणून देऊ नका.

मग वर्ग. 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म' ही मोजलेली पायरी आहे: सतत वारा ताशी ८९ ते ११७ किलोमीटर. त्याखाली ६२ ते ८८ ला नुसतं चक्रीवादळ, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन आणि ३१ ते ४९ ला डिप्रेशन. शेवटच्या दोन्हींना मराठी वर्तमानपत्रं अनुक्रमे कमी दाबाचं अतितीव्र आणि तीव्र क्षेत्र म्हणतात. सोबत वाऱ्याचा आकडा दिला तर 'तीव्र' शब्दाचा गोंधळ होत नाही. निसर्ग १ जूनला डिप्रेशन होतं, २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ झालं आणि ३ जूनच्या पहाटे तीव्र. पत्रक दीड दिवस जुनं असतं तर त्यात हे वादळ तीन पायऱ्या खाली दिसलं असतं.

मग पाणी. त्याच पत्रकात मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल किनाऱ्यावर १ ते २ मीटर, आणि रत्नागिरीत अर्धा ते १ मीटर उंचीची 'स्टॉर्म सर्ज', म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी, 'अबव्ह अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल टाइड' येण्याची दाट शक्यता सांगितली होती. हे पाणी त्या वेळच्या भरती-ओहोटीच्या पातळीवर चढणारं आहे, जमिनीपासून मोजलेलं नाही. भरतीच्या वेळी वादळ आलं तर ते भरतीच्या रेषेवर आणखी १ ते २ मीटर. म्हणून भाषांतरासोबत त्या दिवशीची भरतीची वेळ जोडणं हे तुमचं काम आहे. ती पत्रकात असेलच असं नाही, पण किनाऱ्यावर कुणालाही तिथीवरून सांगता येते.

प्रत्यक्षात निसर्गने ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. 'लँडफॉल' हा एक क्षण नसतो, ती दोनेक तासांची प्रक्रिया असते, हे यातून कळतं. केंद्र अंगावरून जाताना वारा पडतो आणि मग उलट दिशेने पुन्हा उठतो. संदेशात हे वाक्य आवर्जून घाला: वारा थांबला तरी पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका.

पुढे पाठवायचा मजकूर

एवढं वाचल्यावर गटासाठी पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका. निसर्गच्या आदल्या रात्री रेवदंड्याच्या गटाला पाठवायचा मजकूर असा होऊ शकला असता:

"भारतीय हवामान विभाग, २ जूनचं रात्रीचं पत्रक. निसर्ग वादळ उद्या ३ जूनला दुपारी अलिबागजवळ किनाऱ्यावर येण्याची दाट शक्यता. वारा ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० पर्यंत. सखल भागात भरतीच्या पातळीवर आणखी १ ते २ मीटर पाणी चढू शकतं. कुणीही समुद्रात जाऊ नये, कच्च्या घरातल्यांनी सकाळीच शाळेत यावं. मध्येच वारा थांबला तरी बाहेर पडू नये. नवं पत्रक आलं की हा संदेश रद्द समजावा."

मूळ फोटो या मजकुराखाली जोडाच, म्हणजे शंका आली तर कुणीही ताडून पाहू शकेल. फोटोची खात्री करायची असेल तर mausam.imd.gov.in वर त्याच तारखेचं आणि वेळेचं पत्रक उघडून शीर्षक जुळवा. मुंबई आणि नागपूरच्या प्रादेशिक केंद्रांच्या पानांवर जिल्हावार इशारे मिळतात. विदर्भासाठी नागपूरचं पान पाहायचं. नवं पत्रक आलं की जुना संदेश 'सर्वांसाठी डिलीट' करा. त्याची मुदत निघून गेली असेल तर त्याला उत्तर म्हणून 'हे जुनं झालं' असं लिहा आणि नव्या पत्रकाची वेळ त्याच ओळीत टाका.